गच्चीवर पाणी तुंबतंय? पावसाळ्याआधी काय तपासायचं आणि ते कोणी करायचं

घरमालक म्हणून ही सूचना मी गच्ची वापरणाऱ्या आणि गच्चीखाली राहणाऱ्या सगळ्या भाडेकरूंसाठी लिहितोय. दर पावसाळ्यात तीच तक्रार येते, "छत गळतंय, वॉटरप्रूफिंग करून घ्या." वर जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा छताला काहीच झालेलं नसतं. पावसाच्या पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर पानांचा थर बसलेला असतो किंवा पाइपाच्या खालच्या वळणात माती अडकलेली असते. पाणी जायला वाट मिळत नाही, मग ते जिथे फट मिळेल तिथून उतरतं. म्हणून आधी लक्षणं ओळखा, मग खाली दिलेल्या क्रमाने तपासा. सोपं आणि बिनखर्चाचं आधी घेतलं आहे.

लक्षणं, आणि त्यांवरून काय समजायचं

पाऊस थांबून तासभर झाला तरी जाळीभोवती पाणी उभं असेल, तर जाळी तरी बंद आहे किंवा पाइप तरी. जाळीपासून दूर, गच्चीच्या मध्येच डबकं राहत असेल तर पाइपाचा संबंध नाही, तो उताराचा दोष. ते पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही.

पाऊस जोरात असताना पाइपाच्या सांध्यातून बाहेरच्या भिंतीवर पाणी उडत असेल, तर त्या सांध्याच्या खाली कुठेतरी अडथळा आहे. मोकळ्या पाइपात पाणी कडेकडेने उतरतं आणि मध्ये हवा असते. पाइप भरल्याशिवाय सांध्यावर दाब येत नाही.

घरातल्या भिंतीवर ओल उभ्या पट्ट्यासारखी दिसत असेल आणि त्याच भिंतीच्या बाहेरून किंवा आतून पावसाचा पाइप जात असेल, तर संशय पाइपावर घ्यायचा. ओल छताच्या कोपऱ्यात गोल डागासारखी असेल, तर पाइपाचं तोंड आणि स्लॅब यांच्या सांध्यावर. कोरड्या दिवसातही ओल वाढत असेल तर पावसाचा काही संबंध नाही, ती पाण्याच्या टाकीची किंवा नळाच्या लाइनीची गळती आहे. अशा वेळी गच्ची साफ करण्यात वेळ घालवू नका, थेट मला कळवा.

कोणाचं काम कुठपर्यंत

हे आधीच सांगून ठेवतो, कारण दरवेळी वाद इथेच होतो. भाडेकरारात देखभालीबद्दल काही लिहिलं असेल तर तेच पहिलं. करार गप्प असेल तर मी एकच साधी रेघ धरतो. जे हाताने उचलता येतं, झाडता येतं किंवा पाना न लावता उघडता येतं, ते राहणाऱ्याचं. जे फोडावं, बदलावं, जोडावं लागतं किंवा ज्यासाठी शिडी लावून भिंतीवर चढावं लागतं, ते मालकाचं.

म्हणजे गच्ची झाडणं, जाळीवरचा कचरा काढणं, कुंड्या हलवणं आणि खालचं तोंड मोकळं ठेवणं तुमच्याकडे. फुटलेला पाइप, सुटलेले क्लॅम्प, गंजलेली किंवा हरवलेली जाळी, चुकलेला उतार, तडा गेलेला कोबा आणि वॉटरप्रूफिंग माझ्याकडे.

याला दोन अपवाद आहेत. गच्चीला कुलूप असून किल्ली मालकाकडेच असेल, तर झाडण्याचं कामही मालकाचंच. जिथे जाताच येत नाही तिथली सफाई भाडेकरूकडे मागणं बरोबर नाही. आणि पाइप कोणाच्या वस्तूमुळे तुंबला हे आतून निघालेल्या मालावरून स्पष्ट दिसत असेल, तर खर्च त्याचा. कुंडीतली माती, फरशी पुसायचं फडकं, कपड्याचा चिमटा निघाला तर तो वापरणाऱ्याकडे. सिमेंटचे गोळे, विटेचे तुकडे निघाले तर ती आधीच्या दुरुस्तीची घाण, आणि तो खर्च मालकाने मुकाट भरायचा. नुसती धूळ आणि पानं निघाली तर कोणाचाच दोष नाही, ती नेहमीची सफाई.

गच्ची दोन-तीन बिऱ्हाडांत सामाईक असेल तर "सगळ्यांनी मिळून" असं ठरवू नका. तसं ठरलं की कोणीच जात नाही. आठवडा वाटून घ्या आणि जिन्यात चिकटवा.

पहिली तपासणी: जाळी आणि तिच्याभोवतीची हातभर जागा

लागणारा वेळ दहा मिनिटं. लागतं काय, तर रबरी हातमोजे, खराटा, सुपडी आणि एक पोतं.

कचरा जाळीकडे झाडत नेऊ नका, जाळीपासून उलट बाजूला ओढा आणि पोत्यात भरा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण निम्मे पाइप झाडतानाच तुंबतात. खराट्याने ढकललेली बारीक माती जाळीतून आत जाते आणि वर गच्ची चकाचक दिसते. पाण्याने धुऊन काढण्याचा मोह तर कोरडी माती पूर्ण उचलल्याशिवाय टाळाच.

मग जाळी उचलून पाहा. सपाट जाळीवर दोन-चार मोठी पानं आडवी पडली तरी ती झाकली जाते. घुमटासारखी वर आलेली जाळी खालून झाकली गेली तरी वरून पाणी घेते. तुमच्याकडे सपाट असेल तर सांगा, बदलून देणं माझं काम. सिमेंटात बसवलेली असून उचलत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पाइपाच्या तोंडाभोवतीचा वॉटरप्रूफिंगचा थर तिथेच फाटतो आणि खरी गळती मग सुरू होते.

"जाळीच काढून टाकली की पाणी भसाभस जातं," असं म्हणून काहीजण ती काढून कठड्यावर ठेवतात. पाणी जातं हे खरं, पण त्याबरोबर पान, पिशवी, काटकी सगळं जातं आणि खालच्या वळणात बसतं. वरून दोन मिनिटांत निघाला असता तो कचरा नऊ मीटर खाली जाऊन बसतो.

जाळीच्या कडेला किंवा कठड्याच्या बुडाशी पिंपळाचं रोप आलं असेल तर सरसकट उपटू नका. कोवळं, बोटभर असेल तर मुळासकट येतं. त्याहून मोठं असेल तर वरचं खोड तुटतं, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. फोटो काढून पाठवा. सांधा उघडून ते काढावं लागतं आणि मग जागा परत भरावी लागते.

दुसरी तपासणी: कुंड्या, टाकी, वाळत घातलेलं सामान

कुंड्या जाळीपासून किमान दोन फूट दूर आणि जमिनीपासून उचलून, विटांवर किंवा स्टँडवर ठेवा. कुंडीच्या भोकातून प्रत्येक पाण्याबरोबर थोडी माती वाहते. ती उन्हात जाळीपाशी वाळून घट्ट होते. कुंड्यांची रांग उताराला आडवी असेल तर ती चक्क बांधच घालते. जुनी प्लायवूड, फुटकी बादली, सिमेंटची रिकामी पोती पावसाआधी खाली उतरवा. वाऱ्याने उडालेली एक प्लास्टिकची पिशवी जाळीवर बसली की ती पाण्याच्या ओढीनेच घट्ट चिकटते, आणि पाणी ओसरल्याशिवाय निघत नाही.

तिसरी तपासणी: बादलीची चाचणी

यासाठी दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली पाइपाच्या तोंडाशी. वरच्याने १५ लिटरच्या तीन बादल्या लागोपाठ जाळीत ओतायच्या. खालच्याने दोन गोष्टी पाहायच्या: पाणी किती जोरात येतं, आणि ओतणं थांबल्यावर धार किती वेळ चालते.

मोकळ्या पाइपात पाणी काही सेकंदांत खाली येतं आणि ओतणं थांबलं की साधारण अर्ध्या मिनिटात आटतं. वर सगळं पाणी गेलं, पण खाली बारीक धार दोन-तीन मिनिटं चालूच राहिली, तर पाइप अर्धवट बंद आहे. हाच पाइप सगळ्यांना फसवतो. रिमझिम पावसात तो व्यवस्थित चालतो. जोराचा पाऊस आला की तुंबतो आणि तासाभराने आपोआप मोकळा झाल्यासारखा वाटतो. म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

खाली येणाऱ्या पाण्याचा रंगही पाहा. पहिली बादली गढूळ आणि तिसरी स्वच्छ असेल तर नुसती धूळ होती. तिसरीही तितकीच गढूळ असेल तर आत थर साचलेला आहे.

पाइपात किती पाणी मावतं ते चौथ्या तपासणीत दिलं आहे; तेवढं ओतूनही पाणी खाली आलंच नाही आणि वरही उभं राहिलं नाही, तर ते भिंतीत जातंय. तिथेच थांबा, आणखी एकही बादली ओतू नका आणि मला फोन करा.

चौथी तपासणी: अडथळा कुठे आहे हे बादल्या मोजून काढणं

पाइप पूर्ण बंद असेल तर ही युक्ती प्लंबरची अर्धी मेहनत वाचवते. चार इंची पाइपात एका मीटरला साधारण ८ लिटर पाणी मावतं, तीन इंची पाइपात साधारण साडेचार. रिकामा पाइप भरायला किती पाणी लागलं ते मोजलं की अडथळा तोंडापासून किती खाली आहे ते कळतं.

एक उदाहरण धरू. तळमजला आणि वर दोन मजले, गच्ची जमिनीपासून ९ मीटर. गच्ची १० बाय ६ मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर. दोन टोकांना दोन पाइप, दोन्ही चार इंची. डावीकडचा बादलीच्या चाचणीत पास झाला. उजवीकडच्या पाइपातून खाली थेंबही आला नाही. त्यात आधीच्या तीन धरून १५ लिटरच्या साडेचार बादल्या ओतल्यावर पाणी तोंडाशी येऊन उभं राहिलं. साडेचार बादल्या म्हणजे सुमारे ६८ लिटर. भागिले ८ केलं की साडेआठ मीटर. म्हणजे अडथळा जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, बरोबर खालच्या वळणात. इथे वरून सळई घालण्यात काही अर्थ नाही. हाच आकडा दीड बादलीचा आला असता, तर अडथळा तोंडापासून तीन मीटर खाली, म्हणजे वरच्या मजल्याच्या छज्जाला वळसा घालणाऱ्या बेंडमध्ये असता, आणि ते काम शिडीचं, म्हणजे तुमचं नव्हे.

ओतताना तोंडाशी पाणी घुसमटू देऊ नका, नाहीतर आत हवा अडकून हिशेब चुकतो. मध्ये थांबूही नका. उभं राहिलेलं पाणी डोळ्यांदेखत खाली सरकत असेल तर पाइप पूर्ण बंद नाही. ओतता ओतता काही पाणी निसटलेलं असतं, त्यामुळे खरा अडथळा हिशेबापेक्षा वरच असणार.

ज्या पाइपाच्या बाजूच्या खोलीत ओल आलेली आहे, त्या पाइपावर ही चाचणी करायची नाही. पावसाच्या पाइपांचे सांधे दाबासाठी नसतात. नऊ मीटर पाणी उभं केलं की खालच्या सांध्यावर बराच दाब येतो, आणि जो सांधा नुसता पाझरत होता तो उघडतो.

पाचवी तपासणी: खालच्या वळणाचं झाकण

बऱ्याच पाइपांना जमिनीजवळ दरवाजा असलेला बेंड असतो, म्हणजे दोन स्क्रूंचं किंवा फिरकीचं झाकण. हाताने फिरणारं असेल आणि जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तर ते उघडायला तुमची हरकत नसावी. स्क्रू गंजले असतील तर जोर लावू नका.

वरच्या उदाहरणात या झाकणामागे ६८ लिटर पाणी उभं आहे हे विसरू नका. समोर उभं राहून झाकण पूर्ण काढलं तर ते चिखलासकट अंगावर येईल. बाजूला उभं राहा, झाकण अर्धा फेरा सैल करा आणि पाणी कडेने झिरपू द्या. धार थांबली की मगच काढा. आतला गाळ हातमोजे घालून किंवा जुन्या पळीने ओढून बाहेर घ्या. वर ढकलू नका. बांबूची कामटी चालते, पण टोक घासून बोथट केलेली. टोकदार सळई प्लास्टिकच्या पाइपाला आतून भोक पाडते आणि ते भोक कळतं थेट ओल आल्यावर. झाकण परत लावताना रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहा. तो हरवला तर झाकण कितीही आवळा, गळणारच.

मग पुन्हा तीन बादल्या ओता. धार अर्ध्या मिनिटात आटली तर काम झालं.

निघालेला गाळ फेकण्याआधी पसरून पाहा आणि एक फोटो काढा. या उदाहरणात समजा काळी माती, बारीक मुळं आणि रोप बांधायचा सुतळीचा तुकडा निघाला. ही कुंड्यांची माती, म्हणजे सफाईचा खर्च झाला असेल तर तो कुंड्या ठेवणाऱ्याचा. पण झाकण उघडताना वरचा सांधा हलतोय असं दिसलं, तर तो बसवून देण्याचा खर्च माझा. एकाच पाइपात दोघांचं काम निघू शकतं, आणि तसं निघालं तर दोघांनी आपापलं करायचं. एकाने दुसऱ्याची वाट पाहायची नाही.

अॅसिड नको

तुंबलेल्या पाइपात अॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रव ओतू नका. माती, वाळू आणि प्लास्टिक त्याने विरघळत नाही. ते अडथळ्यावर उभं राहतं, सिमेंटचे सांधे आणि बिडाचा पाइप खातं, आणि नंतर झाकण उघडणाऱ्याच्या हातावर येतं. ओतलंच असेल तर प्लंबर झाकणाला हात लावण्याआधी त्याला सांगा. लपवू नका.

इथे थांबायचं

कठड्यावर चढावं लागत असेल, कठड्यापलीकडे वाकावं लागत असेल किंवा शिडीवरून पाइपाला हात घालावा लागत असेल तर थांबा. शेवाळलेल्या गच्चीवर चपलेने चालू नका, आणि पाऊस पडत असताना किंवा विजा चमकत असताना वर जाऊच नका. पाणी तुंबलेलं असेल तर ते त्या क्षणी काढण्यापेक्षा खालच्या खोलीतलं सामान हलवा आणि फोन करा. तुंबलेल्या पाण्यात एखादी वायर, पंपाचा प्लग किंवा एसीचं बाहेरचं यंत्र असेल, तर आधी मेन स्विच बंद. मेन स्विचपाशीच ओल असेल तर त्यालाही हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियन बोलवायचा.

पावसाच्या पाइपातून घाणेरडा वास येत असेल तर तो बहुधा कुठेतरी मैल्याच्या लाइनीला जोडलेला आहे. तिथलं चेंबर उघडून आत वाकू नका, उतरू तर मुळीच नका. आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. ते काम साधनं असलेल्यांचं.

छताला फुगवटा दिसला, प्लास्टर सुटून पडलं किंवा तडा रुंद होताना दिसला तर त्या खोलीत झोपू नका. इथे पाण्याच्या वजनाचाही विचार करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वरच्या ६० चौरस मीटरच्या गच्चीवर ५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की ३००० लिटर, म्हणजे तीन टन. धडधाकट स्लॅब ते सहज पेलतो, पण सळया गंजलेला जुना स्लॅब पेलेलच याची खात्री मी देणार नाही.

कधी करायचं

पहिली सफाई पाऊस सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी, म्हणजे काही तुटलेलं निघालं तर बदलायला वेळ मिळतो. दुसरी, पहिल्या दोन चांगल्या सरी झाल्यावर लगेच. सगळ्या उन्हाळ्याची धूळ कठड्यावरून आणि टाकीवरून तेव्हाच खाली येते, आणि आधी साफ केलेली जाळी दोन दिवसांत पुन्हा भरते. बहुतेकांची चूक इथेच होते, ते एकदा साफ करून मोकळे होतात. त्यानंतर पाऊस असेपर्यंत आठवड्यातून एकदा, नुसती जाळी.

उताराचं डबकं राहत असेल तर त्याच्या कडेने खडूने रेघ मारा, मधोमध पट्टी उभी धरून खोली मोजा आणि फोटो पाठवा. दोन दिवसांत वाळत असेल तर तूर्त राहू दे. त्याहून जास्त टिकत असेल तर कोबा दुरुस्त करायला हवा, आणि तो पाऊस संपून गच्ची नीट वाळल्यावरच करता येतो. तोवर ते पाणी आठवड्यातून एकदा तरी खराट्याने जाळीकडे लोटत जा, नाहीतर डास त्यातच वाढतील.

दोनच पाइप असलेल्या किंवा एकच पाइप असलेल्या गच्चीला मी कठड्यात एक जास्तीची नळी बसवून देतो. ती गच्चीच्या जमिनीपासून थोडी वर आणि जिन्याच्या उंबऱ्याच्या खाली असते. पाइप तुंबला तर पाणी घरात शिरण्याआधी तिथून बाहेर पडतं. त्या नळीतून पाणी पडताना दिसलं की ती गळती समजून बोळा कोंबू नका. जाळी पाहायला वर जा.

कळवताना चार गोष्टी एकत्र पाठवा: कोणता पाइप, वर पाणी किती उभं आहे, तीन बादल्यांनंतर खाली काय आलं, आणि आत ओल कुठे आहे त्याचा फोटो. "वर पाणी तुंबलंय" एवढ्यावरून प्लंबरला पाइप मोकळा करायची स्प्रिंग आणायची की नवा पाइप आणायचा हे कळत नाही, आणि त्याची एक फेरी फुकट जाते.